पटकी रस्त्याच्या एकाच बाजूला का?

पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राच्या पेपरात एक दीर्घोत्तरी प्रश्न शब्द बदलून पुनःपुन्हा येतो. दाट वस्तीच्या एका शहरात तांदळाच्या धुवणासारखे जुलाब आणि उलट्या झालेले रुग्ण अचानक वाढले आहेत. साथरोगाच्या त्रिकोणाच्या आधारे या साथीचं विवेचन करा आणि ती आटोक्यात कशी आणाल ते लिहा. प्रश्न वाचून मुलांना हायसं वाटतं, कारण त्रिकोण सगळ्यांना पाठ असतो. एका कोनावर रोगकारक, म्हणजे जंतू. दुसऱ्यावर यजमान, म्हणजे ज्याच्या शरीरात तो शिरतो तो माणूस. तिसऱ्यावर परिसर. पट्टीने त्रिकोण काढायचा, प्रत्येक कोनाखाली आठ-दहा मुद्दे लिहायचे, शेवटी उपाय लिहायचे, की पुरवणी भरते.

असं उत्तर तपासायला अवघड जातं, कारण त्यात चुकीचं काहीच नसतं. जंतूचं नाव बरोबर, अधिशयनाचा काळ बरोबर, क्लोरीनचं प्रमाणही बरोबर. पण सगळं वाचून झाल्यावरही पटकी याच शहरात आणि याच आठवड्यात का आली, आली तर एका पेठेत का आणि शेजारच्या पेठेत का नाही, हे काही कळत नाही. प्रश्नातलं शहर काढून तिथे आडगाव घातलं, तरी उत्तरातला एक शब्द बदलावा लागणार नाही. मुलांनी त्रिकोणाचे कोन लिहिलेले असतात, बाजू मात्र तशाच राहतात. जंतू माणसापर्यंत कोणत्या वाटेने पोचला, ती वाट परिसराने कशी करून दिली आणि त्याच परिसराने माणसाला आधीपासून कसं कमकुवत करून ठेवलं होतं, हे बाजूंवर लिहायचं असतं. गुणही तिथेच असतात.

म्हणून मी मुलांना सांगतो, एखादं खरं शहर डोळ्यांसमोर धरून लिहा. बहुतेक जण लंडनची ब्रॉड स्ट्रीट आणि जॉन स्नोने काढायला लावलेला पंपाचा दांडा धरतात. ती गोष्ट उत्तमच आहे. पण त्रिकोण समजून घ्यायचा तर १८९२ सालचं हॅम्बुर्ग अधिक कामाचं, कारण तिथे तुलनेसाठी दुसरं शहर आयतंच शेजारी उभं होतं.

त्या उन्हाळ्यात रशियात पटकीचं थैमान चालू होतं. हॅम्बुर्ग हे जर्मनीतलं सर्वांत मोठं बंदर, आणि रशियातून अमेरिकेला निघालेले हजारो लोक तिथे येऊन बोटीत चढत. बोट मिळेपर्यंत त्यांना बंदरावरच्या शेडमध्ये ठेवलं जाई आणि त्या शेडचं सांडपाणी एल्ब नदीत जाई. जंतू त्यांच्यामार्फत आला असावा असा पुढे बराच कयास झाला, पण पहिला रुग्ण नेमका कोणी आणला हे कुणी शंभर टक्के सिद्ध केलेलं नाही. उन्हाळा कडक होता, पाऊस कमी आणि नदी आटलेली. ऑगस्टच्या मध्याला बंदरावरच्या कामगारांमध्ये पहिले रुग्ण दिसले. पटकी आहे असं जाहीर करायला प्रशासनाने जवळजवळ आठवडा घेतला. व्यापारी शहर, पटकी म्हटलं की बंदर बंद, मग घाई कोण करणार? महिना संपता संपता दिवसाला हजाराहून अधिक नवे रुग्ण येऊ लागले. शरद ऋतूत साथ ओसरली तेव्हा सुमारे १७ हजार लोक आजारी पडून गेले होते आणि ८,६०५ मेले होते.

उत्तराची सुरुवात त्रिकोणाने करू नये. सुरुवात होते ती आजार पटकीच आहे का आणि ही खरोखर साथ आहे का, या दोन प्रश्नांनी. ताप नाही, पोटात मुरडा नाही, शौचात रक्त नाही, आणि तरीही धडधाकट मोठा माणूस काही तासांत डोळे खोल गेलेला, हातापायात पेटके आलेला असा दवाखान्यात आणला जातो, तेव्हा प्रयोगशाळेचा अहवाल येण्याआधीच पटकी धरून कामाला लागायचं. शौचाचा नमुना मात्र अँटिबायोटिक देण्यापूर्वी घ्यायचा आणि वाहतुकीच्या माध्यमात घालून पाठवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली लटकत्या थेंबात हे जंतू उल्का पडल्यासारखे सपासप धावताना दिसतात. अंतिम खात्री संवर्धनातून होते. हॅम्बुर्गच्या डॉक्टरांनी खात्रीची वाट पाहिली आणि त्या दिवसांत शहर नळाचं पाणी पीत राहिलं. उत्तरात एवढं एक वाक्य आलं तरी विद्यार्थ्याला वेळेचं भान आहे, हे परीक्षकाला समजतं.

त्यानंतर रुग्णांची यादी. नाव, वय, पत्ता, आजार सुरू झाल्याची तारीख आणि वेळ, पाणी कुठलं, खाणं कुठलं. या यादीतून तारखांचा आलेख काढायचा आणि शहराच्या नकाशावर ठिपके मांडायचे. आलेख एकदम उभा चढत असेल, तर पुष्कळ लोकांनी एकाच वेळी एकाच उगमाचं काहीतरी घेतलेलं असतं. हळूहळू लाटा येत असतील, तर घराघरातून संसर्ग पुढे सरकतो आहे. हॅम्बुर्गचा आलेख पहिल्या पंधरवड्यात जवळजवळ भिंतीसारखा उभा होता. जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत काही तास ते पाच दिवस जातात, बहुतेकांत एक-दोन दिवसच. इतक्या थोड्या दिवसांत इतके रुग्ण हवेतून किंवा नुसत्या हातांतून होत नाहीत. सगळ्या शहराला जोडणारं काहीतरी लागतं.

आता पहिला कोन. जंतू व्हिब्रिओ कॉलरी, स्वल्पविरामासारखा वाकडा, ओ१ गटाचा. क्वचित ओ१३९ गटाचा. रॉबर्ट कॉखने १८८३ मध्ये इजिप्तमध्ये त्याचा माग काढला आणि १८८४ मध्ये कोलकात्यात तो पक्का केला. तिथल्या एका तळ्यावर पटकीच्या रुग्णांचे कपडे धुतले जात, आणि त्याच तळ्याच्या पाण्यात त्याला हे जंतू सापडले. जंतू आतड्याचा पडदा फोडत नाही, रक्तातही शिरत नाही. लहान आतड्याला चिकटून एक विष सोडतो आणि त्या विषामुळे आतड्याच्या पेशी क्षार आणि पाणी आतून बाहेर लोटू लागतात. हे विष कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं. भरात असलेल्या रुग्णाच्या अंगातलं पाणी तासाला लिटरपर्यंत जाऊ शकतं. रुग्ण दगावतो तो या पाणी-क्षार जाण्याने. जंतू स्वतः मात्र नाजूक आहे. उकळलं, सुकवलं, क्लोरीन घातलं, आंबटात टाकलं, की मरतो. पाण्यात मात्र काही दिवस तग धरतो. रोगकारकाबद्दल उत्तरात एवढं पुरे. बहुतेक मुलं इथे दोन पानं घालवतात आणि पुढच्या कोनांना वेळ उरत नाही.

यजमानाचा कोन समजावून सांगायला त्याच साथीतला एक विलक्षण प्रसंग आहे. म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर हे तेव्हाचे आरोग्यशास्त्रातले मोठे नाव. नुसता जंतू पटकी घडवू शकत नाही, त्याला विशिष्ट जागेतल्या जमिनीची ओल आणि ऋतू लागतो, असं त्यांचं ठाम मत होतं. हॅम्बुर्गमधल्या बऱ्याच डॉक्टरांवर त्या मताचा पगडा होता. कॉख म्हणत होता, पाण्यातला जंतू हेच कारण. ७ ऑक्टोबर १८९२ रोजी, वय ७३ असताना, पेटेनकोफर यांनी पटकीच्या जंतूंचं संवर्धन चक्क पिऊन टाकलं. जठरातल्या आम्लाने जंतू मेले असा आक्षेप नको, म्हणून सोबत सोडा घेतला. त्यांना थोडे जुलाब झाले आणि ते बरे झाले. शौचात जंतू भरपूर होते. काही दिवसांनी त्यांचा सहकारी रुडोल्फ एमेरिक याने तेच केलं. त्याला त्रास जास्त झाला, पण तोही वाचला. पेटेनकोफर यांना वाटलं, आपण सिद्ध करून दाखवलं.

सिद्ध काय झालं, हे त्रिकोणाच्या भाषेत सांगता येतं. जंतू आत गेला, वाढला, बाहेरही पडला, पण माणूस फारसा आजारी पडला नाही. पटकीचा संसर्ग झालेल्या बहुतेकांचं असंच होतं. कित्येकांना काही कळतच नाही, कित्येकांना साधे जुलाब होऊन जातात, आणि थोड्यांनाच तो जीवघेणा प्रकार होतो. पण लक्षणं नसलेली माणसंही काही दिवस शौचातून जंतू सोडत असतात. म्हणजे यजमान हाच पुढच्या साथीचा साठा असतो. दवाखान्यातले रुग्ण मोजून साथ किती पसरली हे ठरवलं, तर आकडा नेहमी कमी येतो, तो यामुळे. आणि दोघा विद्वानांनी केलेल्या प्रयोगावरून सहा लाखांच्या शहराबद्दल काही ठरवता येत नाही, हेही इथे ओळीभर लिहावं.

यजमानाच्या बाबतीत दुसरी महत्त्वाची गोष्ट जठरातलं आम्ल. पुढे स्वयंसेवकांवर झालेल्या अभ्यासांत दिसलं, की आम्ल शाबूत असलेल्या माणसाला आजारी पाडायला दहा कोटींच्या घरात जंतू लागतात. सोडा देऊन आम्ल मारलं तर लाखभर किंवा त्याहून कमीही पुरतात. कुपोषणाने आम्ल कमी होतं, आम्लपित्ताच्या गोळ्यांनीही होतं. रक्तगट ओ असलेल्यांना आजार अधिक तीव्र होण्याचा संभव असतो. पूर्वी संसर्ग झालेल्या माणसाला काही काळ संरक्षण मिळतं. हॅम्बुर्गमध्ये मोठी साथ १८७३ नंतर आलेली नव्हती, त्यामुळे त्या संरक्षणाचा कुणालाही फारसा आधार नव्हता. बंगालसारख्या भागात, जिथे पटकी वर्षानुवर्षं आहे, तिथे लहान मुलं जास्त सापडतात, कारण मोठे आधीच जंतूशी झगडून गेलेले असतात. रुग्णांच्या यादीतला वयाचा रकाना पाहिला तरी शहर पटकीला नवं की जुनं, याचा अंदाज बांधता येतो.

तिसरा कोन परिसर, आणि हॅम्बुर्गची खरी गोष्ट इथे आहे. शहराचं पाणी एल्बमधून यायचं. पाणी घेण्याची जागा, रोटेनबुर्गसोर्ट, शहराच्या वरच्या अंगाला होती आणि मैला नदीत सोडला जाई तो खालच्या अंगाला. कागदावर हे बिनधोक. पण एल्ब त्या भागात भरती-ओहोटीची नदी आहे. भरती आली की सांडपाणी उलटं वर सरकायचं, आणि त्या वर्षी नदीला पाणी कमी असल्याने ते अधिकच सहज वर यायचं. घेतलेलं पाणी टाक्यांत थोडा वेळ स्थिर ठेवून, न गाळता घरोघर जायचं. नळातून बारीक जलचर येतात हे तिथल्या लोकांच्या अंगवळणी पडलं होतं. गाळणी बसवावी ही चर्चा वर्षानुवर्षं चालली होती. खर्च कुणी सोसायचा यावर नगरशासन आणि घरमालकांचं प्राबल्य असलेली प्रतिनिधी सभा यांच्यात घोळ चालू होता. साथ आली तेव्हा गाळण केंद्राचं बांधकाम सुरू होतं, पुरं झालेलं नव्हतं.

हॅम्बुर्गला लागूनच आल्टोना हे शहर. प्रशियाच्या ताब्यातलं, पण दोन्ही शहरांच्या वस्त्या एकमेकींत मिसळलेल्या. काही ठिकाणी सीमा रस्त्याच्या मधून जाई. हवा, माती, कामधंदा सगळं तेच. पाणीसुद्धा त्याच नदीचं, उलट वाईट, कारण आल्टोनाचं पाणी ब्लांकेनेजे इथे, दोन्ही शहरांचा मैला नदीत पडून गेल्यावर खाली घेतलं जाई. फरक इतकाच, की आल्टोना ते वाळूच्या संथ गाळणीतून गाळून पुरवत असे, आणि तेही १८५९ पासून.

विद्यार्थ्याने इथे थांबून साधं गणित करावं. हॅम्बुर्गची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४० हजार, मृत्यू ८,६०५. म्हणजे दर दहा हजारांमागे १३४. आल्टोनाची लोकसंख्या सुमारे १ लाख ४३ हजार, मृत्यू ३२८. दर दहा हजारांमागे २३. जवळजवळ सहापट फरक. चांगला विद्यार्थी एवढ्यावर थांबत नाही, २३ म्हणजे शून्य नव्हे हेही तो पाहतो. आल्टोनातले बरेच लोक दिवसभर हॅम्बुर्गमध्ये काम करून तिथलंच पाणी पीत, आणि आजारी पडले की आल्टोनाच्या खात्यात मोजले जात. म्हणजे पाण्यामुळे पडलेला खरा फरक सहापटीहूनही मोठा होता. माणूस कुठे राहतो, यापेक्षा तो पाणी कुठे पितो हा रकाना यादीत का हवा, ते यावरून पटतं.

उलट दिशेचा पुरावाही होता. हॅम्बुर्गर प्लाट्स नावाची एक वस्ती हॅम्बुर्गच्या हद्दीत होती, पण तिला नळ आल्टोनाचा जोडलेला. आजूबाजूच्या हॅम्बुर्गच्या घरांत माणसं मरत असताना या वस्तीतली शेकडो माणसं वाचली. कॉखने हे उदाहरण मुद्दाम पुढे मांडलं. त्यापुढे जमिनीची ओल, हवेतली घाण वगैरे उपपत्ती टिकणं कठीण होतं, कारण माती तीच, हवा तीच, बदलला होता तो नळ.

पण परिसर म्हणजे फक्त नळ नव्हे, आणि त्रिकोणाची तिसरी बाजू नेमकी इथे लागते. सगळ्या हॅम्बुर्गला एकच पाणी होतं, तर मग गरीब वस्त्यांत मृत्यू जास्त का झाले? बंदराजवळ गेंगेफिर्टेल नावाच्या गल्ल्या होत्या. अरुंद, अंधाऱ्या बोळांत एकमेकांवर चढलेली घरं, एका खोलीत अख्खं कुटुंब, अनेक बिऱ्हाडांत मिळून एक शौचकूप. या गल्ल्या पाहून कॉख म्हणाला होता, की आपण युरोपात आहोत हेच मी विसरलो. पाणी उकळून पिण्याची सूचना सगळ्यांना होती. पण श्रीमंताघरी पाणी उकळायला मोलकरीण होती आणि शहर सोडून जायला पैसाही होता. बोळातल्या घरात रुग्णाचे भरलेले कपडे ज्या खोलीत धुतले जात, तिथेच स्वयंपाक होई. पहिला रुग्ण नळाच्या पाण्याने झाला, त्याच घरातला दुसरा आणि तिसरा हातांनी, भांड्यांनी, कपड्यांनी झाला. दाटीवाटीने साथ सुरू केली नाही, सुरू झालेली साथ घरात वाढवली. प्रश्नात ‘दाट वस्तीच्या’ हे शब्द असतात ते यासाठी, आणि उत्तरात त्यांचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकलेला असतो.

आता उपाय. इथे पुन्हा कोनांची यादी नको, कोणती बाजू कुठे तोडायची ते लिहावं. हॅम्बुर्गमध्ये निर्जंतुकीकरणाची पथकं घरोघर गेली, शाळा बंद झाल्या, रुग्णालयाबाहेर बराकी उभ्या राहिल्या. पण सर्वांत कामाची होती ती उकळलेल्या पाण्याची वाटप-गाडी. नळ दुरुस्त करायला महिने लागणार होते; पाणी आणि माणूस यांच्यातली वाट मात्र त्याच दिवशी तोडता येत होती.

परीक्षेतलं शहर आपल्याकडचं धरलं, तर नदीच्या भरतीच्या जागी बहुधा अधूनमधून येणारं पाणी असतं. आपल्या बहुतेक शहरांत नळाला चोवीस तास पाणी नसतं. पाणी बंद झालं की जलवाहिनीतला दाब उतरतो, आणि वाहिनी गटाराजवळून जात असेल, सांधा सैल असेल, तर बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. पुढच्या वेळी पाणी सोडलं की पहिली धार ते घेऊन घरात येते. म्हणून ठिपक्यांचा नकाशा वॉर्डाच्या नकाशावर नव्हे, पाणीपुरवठ्याच्या व्हॉल्व्हनिहाय नकाशावर मांडावा. एकाच व्हॉल्व्हवरच्या घरांत रुग्ण गोळा झालेले दिसले, तर खोदायची जागा जवळजवळ सापडलीच. टँकर, बोअर आणि पाण्याचे जार विकणारे यांचीही वेगळी नोंद हवी.

क्लोरीनचं गणित मुलं पाठ करतात, पण वापरत नाहीत. ताज्या ब्लीचिंग पावडरीत, म्हणजे आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून नगरपालिकेपर्यंत सगळे जिला टीसीएल म्हणतात तिच्यात, तीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर टाकली, तर लिटरमागे सुमारे पाऊण मिलिग्रॅम क्लोरीन जातो. एक लाख लिटरच्या टाकीला अडीचशे ग्रॅम. पण पाण्यातली घाण त्यातला काही भाग खाऊन टाकते, आणि तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातली पावडर हवेत क्लोरीन सोडून नुसता चुना होऊन बसते. त्यामुळे टाकीत किती पावडर टाकली, ही नोंद साथीत पुरेशी नाही. शेवटच्या टोकाच्या नळाला, पावडर टाकून किमान अर्धा तास झाल्यावर, ओटी टेस्ट करून क्लोरीन उरला आहे का हे पाहायचं. साथीच्या काळात लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम तरी उरायला हवा. टाकीपाशी पिवळा रंग आला आणि शेवटच्या नळाला आला नाही, तर मधल्या वाहिनीत घाण शिरते आहे, असा त्याचा सरळ अर्थ.

यजमानाच्या बाजूचा उपाय म्हणजे उपचार, आणि पटकीत तो मृत्यूचा आकडा बदलतो. हॅम्बुर्गमध्ये नोंदलेल्या रुग्णांपैकी निम्मे दगावले. आज वेळेवर पाणी-क्षार दिले तर शंभरात एकही जाऊ नये. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी ड्रममध्ये कालवून तोंडाने पाजायला सुरुवात केली. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. उत्तरात एक हिशेब घालावा. पन्नास किलोचा माणूस नाडी लागत नाही अशा अवस्थेत आला, तर वजनाच्या किलोमागे शंभर मिलिलिटर, म्हणजे पाच लिटर रिंगर लॅक्टेट तीन तासांत शिरेतून द्यायचं. पहिल्या अर्ध्या तासात दीड लिटर, उरलेलं साडेतीन लिटर पुढच्या अडीच तासांत. पिता येऊ लागलं की ओआरएस, लहान मुलांना जोडीला झिंक. अँटिबायोटिकने जुलाबाचे दिवस कमी होतात, पण ते पाण्याची जागा घेत नाही. तोंडाने द्यायची लस आहे आणि ती मोठ्या साथीत वापरलीही जाते, पण तिचं संरक्षण तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, हे विसरून चालत नाही.

गाळणी बसली म्हणजे काम झालं, असं लिहिणाऱ्याने आल्टोनाची दुसरी हकीकतही वाचावी. जानेवारी १८९३ मध्ये, साथ संपल्यावर, आल्टोनात पुन्हा पटकीचे रुग्ण दिसू लागले. संथ गाळणीत जंतू अडवते ती वाळू नव्हे, वाळूच्या वर तयार होणारी बुळबुळीत जीवाणूंची साय. ती जाडी झाली की खरवडून काढावी लागते. कडाक्याच्या थंडीत गाळणी साफ करताना वाळू गोठली, साय नीट तयार झाली नाही आणि पाणी बहुतेक न गाळताच पुढे गेलं. गाळून आलेल्या पाण्यातल्या जंतूंची मोजणी चालू होती. आकडा आधी फुगला आणि रुग्ण त्यानंतर दिसले. कॉखने यावरून नियम घालून दिला. प्रत्येक गाळणीचं पाणी वेगळं तपासायचं, सगळ्यांचं एकत्र मिसळल्यावर नव्हे, आणि दर घन सेंटिमीटरला शंभराहून जास्त जंतू असलेलं पाणी शहरात सोडायचं नाही.

त्रिकोणाच्या मर्यादा उत्तरात थोडक्यात मांडाव्यात. त्यात काळ दिसत नाही. भरती, पावसाचा पहिला आठवडा, जाहीर करायला लावलेला उशीर, हे सगळं बाहेरून आणावं लागतं. दारिद्र्य कोणत्या कोनात घालायचं हा वाद सुटत नाही, कारण ते माणसाच्या आम्लातही आहे आणि बोळातल्या शौचकूपातही. गाळणीचा खर्च कुणी अडवला हे तर कोणत्याच कोनात मावत नाही. पुढे साथरोगशास्त्राने कारणांचं जाळं ही कल्पना आणली ती या अडचणींमुळेच. पटकीसाठी मात्र त्रिकोण अजून पुरतो, कारण इथे जंतू एक आहे आणि वाटा मोजक्या आहेत.

उत्तराचा शेवटचा मुद्दा साथ संपली असं कधी म्हणायचं हा. अधिशयनाचा सर्वांत मोठा काळ पाच दिवस, त्याच्या दुप्पट दहा. शेवटचा रुग्ण बरा झाला, दगावला किंवा वेगळा ठेवला गेला, त्या दिवसापासून दहा दिवसांत नवा रुग्ण नसेल, तर साथ संपल्याचं नोंदवायचं. टोकाच्या नळाची ओटी टेस्ट मात्र त्यानंतरही चालू ठेवायची, निदान फुटलेला सांधा उघडून बदलेपर्यंत.